प्लेटलेट नॉर्मल, पीटी-एपीटीटी नॉर्मल, तरी अंगावर डाग आणि नाकातून रक्त: काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, यातलं काही जुळत असेल तरच पुढे वाचा.

मांडीवर, पोटरीवर, दंडावर काळेनिळे डाग येतात आणि कुठे आपटल्याचं आठवत नाही. पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके येतात. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, हिरड्या फुगल्यात. किंवा लहानपणापासून वरचेवर घोळणा फुटतो आणि घरातले म्हणतात उष्णता आहे, कांदा हुंगायला द्या. हिमोग्लोबिन सारखं कमी, लोहाच्या गोळ्या खाऊन वाढतं आणि बंद केल्या की परत खाली. आणि या सगळ्यात रिपोर्ट मात्र स्वच्छ, प्लेटलेट दोन-अडीच लाख, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन टेस्ट, पीटी बरोबर, एपीटीटी बरोबर.

पुण्यात पावसाळ्यानंतर असे ठिपके दिसले की पहिली शंका डेंग्यूची येते आणि ती यायलाच हवी, ताप असेल तर डेंग्यूची टेस्ट आणि प्लेटलेट आधीच करा. पण ताप नाही, प्लेटलेट नॉर्मल, आणि तरी दर आठ दिवसांनी तोच सीबीसी परत करून आणलेला, अशी फाइल घेऊन येणारे पेशंट मी वर्षानुवर्षं बघतोय. तीच टेस्ट चौथ्यांदा केल्याने वेगळं उत्तर येत नाही, कारण प्रश्न बऱ्याचदा रक्तात नसतोच, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो. पीटी-एपीटीटीसाठी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, लॅबमध्ये त्यातला प्लाझ्मा वेगळा काढून तो किती सेकंदांत गोठतो ते मोजतात. रक्तवाहिनी तुमच्या हातातच राहिली, ती नळीत गेलीच नाही, मग ती कमकुवत आहे की नाही हे त्या टेस्टला कळणार कुठून?

आता एकेक तपासणी, आधी फुकटातल्या.

१. औषधांची पिशवी टेबलावर ओता

घरातली सगळी औषधं, डॉक्टरने दिलेली, शेजाऱ्याने सुचवलेली, सगळी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटची संख्या कमी करत नाहीत, त्यांचं काम बंद पाडतात, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल आणि अंगावर डाग. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचंही तेच. दुसरं म्हणजे स्टेरॉइड, यात दम्याचे पंप, वर्षभर लावलेलं खाजेचं मलम आणि सांधेदुखीवर मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्या हे सगळं धरा. त्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, खालच्या बारीक वाहिन्यांना आधार राहत नाही आणि नुसता हात घासला तरी रक्त साकळतं.

सत्तरी ओलांडलेल्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला आणि मनगट ते कोपर एवढ्याच भागात जांभळे पट्टे येत असतील, बाकी अंग स्वच्छ असेल, तर ते बहुतेक वयाचं आणि उन्हाचं असतं, त्यासाठी टेस्टमागून टेस्ट नका करू.

पण एक, हार्टमध्ये स्टेंट असेल किंवा स्ट्रोक होऊन गेला असेल तर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. डाग परवडले, स्टेंट बंद पडलेला परवडत नाही. आधी ज्यांनी गोळी दिली त्यांना फोन.

२. काचेचा ग्लास दाबून बघा

साधा पारदर्शक काचेचा ग्लास घ्या, चांगला उजेड हवा, ग्लासची बाजू डागावर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. लाली नाहीशी झाली आणि ग्लास काढल्यावर परत भरली, म्हणजे रक्त अजून वाहिनीच्या आत आहे, वाहिनी फुगलेली आहे. दाबूनही डाग तसाच राहिला, म्हणजे रक्त बाहेर सांडून कातडीत बसलंय. एवढ्या एका गोष्टीवर पुढची दिशा ठरते. पहिल्या प्रकारात घरातली हकिगत आणि ओठ-जीभ बघायचे (तपासणी चार), दुसऱ्या प्रकारात आधी ताट बघायचं (तपासणी तीन).

मग डागावरून डोळे मिटून बोट फिरवा. डाग सपाट न लागता उंचवटा लागत असेल, तो ढुंगणावर आणि पायांवर असेल, सोबत पोटात दुखतंय, सांधे दुखतायत, तर ही वाहिन्यांना आलेली सूज असू शकते. लहान मुलांत सर्दी-खोकल्यानंतर असं होतं. तेव्हा लघवीची साधी तपासणी त्याच दिवशी करा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण या आजारात किडनीला त्रास होऊ शकतो आणि तो लघवीत आधी दिसतो.

ताप आणि न मावळणारे ठिपके एकत्र आले तर इथेच थांबा, ही पोस्ट बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

३. आठवडाभराचं ताट लिहून काढा

ही तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण क जीवनसत्त्व कमी पडून होणारी स्कर्व्ही म्हटलं की लोकांना जुनी गलबतं आणि खलाशी आठवतात, आपल्याकडे बाजारात लिंबू-पेरू ढिगाने असताना हा आजार कसा होईल असं वाटतं. होतो, आणि बाजारात काय आहे यावर नाही तर त्या माणसाच्या पोटात काय जातंय यावर होतो. मला जे दिसतात ते म्हणजे एकटे राहणारे म्हातारे, दोन-तीनच पदार्थ खाणारी ऑटिझमची मुलं, डायलिसिसवरचे पेशंट, दारू खूप पिणारे, आणि पोटाच्या भीतीने एकेक करत सगळं सोडून दिलेले.

एक केस नीट सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. कोथरूडला राहणारे ६८ वर्षांचे काका, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. डाव्या पोटरीला सूज आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जांभळा पट्टा, जिना चढता येईना. शिरेत गाठ असेल म्हणून डॉपलर झाला, नॉर्मल. प्लेटलेट २.४ लाख, पीटी-एपीटीटी दोन्ही बरोबर, हिमोग्लोबिन ९.४. प्लेटलेट तीन वेळा करून झालेल्या. कुणीतरी कॅन्सरचा शब्द काढला आणि मुलगा घाबरून पहिल्या विमानाने आला.

मी विचारलं, काका, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा. चहा आणि खारी. दुपारी वरण-भात. संध्याकाळी परत चहा, टोस्ट. रात्री दूध-भात. परवा? तेच. भाजी? "दात नाहीत हो डॉक्टर, चावत नाही." फळं? "पेरूने खोकला होतो." लिंबू? "अ‍ॅसिडिटी आहे म्हणून आंबट बंद केलंय, वर्ष झालं." शिवाय दिवसाला पाच-सहा सिगरेटी, आणि सिगरेट ओढणाऱ्याला क जीवनसत्त्व उलट जास्त लागतं. मुलगा शेजारी बसून ऐकत होता, त्याला रोज फोनवर "जेवलो" एवढंच कळत होतं.

त्यांच्या हिरड्या व्यवस्थित होत्या, आणि इथेच बरेच जण फसतात. स्कर्व्हीत हिरड्या फुगतात त्या दाताभोवतीच्या, जिथे दात नाहीत तिथे हिरडी शांत असते, त्यामुळे बोळक्या तोंडात हे चिन्ह शोधायचंच नाही. मग मांडी बघितली, भिंगाने. प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक लाल कडं आणि केस सरळ न वाढता स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. केसाच्या मुळाभोवती रक्त आणि पिळलेला केस हे दोन्ही एकत्र दिसले की माझ्या मनात फारशी शंका उरत नाही.

हे होतं का, तर वाहिनीची भिंत कोलॅजनने बांधलेली असते आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर धागे तयार होतात पण ढिले, मग उभं राहिल्यावर जिथे दाब जास्त येतो त्या पायांतच आधी गळती. शरीरात याचा साठा साधारण १५०० मिलिग्रॅमचा, आणि खाणं पूर्ण थांबलं तर एक ते तीन महिन्यांत तो इतका खाली येतो की लक्षणं सुरू होतात. म्हणजे मागच्या आठवड्यात काय खाल्लं एवढं पुरत नाही, मागचे तीन महिने विचारायचे.

अजून एक गैरसमज इथे अडतो. आंबट लागलं म्हणजे क जीवनसत्त्व मिळालं असं नाही. ताक, दही, चिंचेची आमटी आंबट असतात, पण त्यात ते नगण्य असतं. लिंबू आमटीत घालून उकळलं तर बरंचसं उष्णतेने जातं, ताटात वरून पिळलेलं कामाचं. आवळा आणि पेरू सगळ्यात सरस, एका मध्यम पेरूत मोठ्या माणसाची दिवसाची गरज आरामात भागते. चावत नसेल तर पेरू किसून, बिया गाळून द्या, संत्र्या-मोसंबीचा ताजा रस द्या.

काकांचं सांगतो पुढे. रक्तातली क जीवनसत्त्वाची पातळी बघायला सॅम्पल घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी गोळी सुरू केली, पहिले तीन दिवस दिवसाला १००० मिलिग्रॅम विभागून, मग आठवडाभर ५००, मग रोज १०० असं तीन महिने. चौथ्या दिवशी मुलाचा फोन, बाबा स्वतः उठून चहा करतायत. नवे ठिपके थांबले, दोन आठवड्यांत पट्टा पिवळा पडला, पोटरीत साकळलेल्या रक्ताची गाठ विरायला दीड महिना गेला. पातळी नंतर आली, ०.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ०.२ च्या खाली असेल तर कमतरता धरतात.

खरं निदान त्या आकड्यापेक्षा त्या चौथ्या दिवसानेच केलं होतं. स्कर्व्ही असेल तर थकवा आणि दुखणं काही दिवसांत कमी होतं, डाग एक-दोन आठवड्यांत. दोन आठवडे नीट गोळी घेऊनही नवे डाग येतच राहिले तर ते स्कर्व्ही नाही किंवा फक्त स्कर्व्ही नाही, तिथे गोळी वाढवत बसू नका, पुढे चला. मुतखडा होऊन गेलेल्यांनी, किडनीच्या पेशंटनी आणि थॅलेसेमियामुळे अंगात लोह साठलेल्यांनी मोठा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

लहान मूल अचानक पाय टाकेनासं झालं, उचललं की रडतं, आणि ते फक्त दूध-बिस्कीट किंवा ठराविक एक-दोन पदार्थ खाणारं असेल, तर हाडाच्या डॉक्टरांना त्याचं खाणं स्वतःहून सांगा. हाडाच्या वरच्या आवरणाखाली रक्त साकळतं म्हणून ते दुखतं, आणि एक्स-रेत ते शोधायचं तर आधी कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं.

४. ओठ, जीभ, बोटांची टोकं आणि घरातली हकिगत

ग्लास दाबल्यावर मावळणारे ठिपके असतील किंवा मुख्य तक्रार घोळण्याची असेल तर हे. आरशासमोर उजेडात ओठ उलटून बघा, जीभ बाहेर काढा, हाताच्या बोटांची टोकं बघा. मोहरीपेक्षा लहान, लालचुटूक ठिपके, दाबले की फिके पडणारे. लोक यांना तीळ समजतात किंवा ओठ फुटलाय म्हणतात.

हा वंशपरंपरेने येणारा आजार आहे, डॉक्टर लोक एचएचटी म्हणतात, साधारण ५००० माणसांत एकाला. यात धमनी आणि शीर यांच्या मधलं केशवाहिन्यांचं बारीक जाळंच काही ठिकाणी तयार होत नाही, धमनीचं जोराचं रक्त थेट पातळ भिंतीच्या शिरेत घुसतं, ती फुगते आणि नाकात नुसती कोरडी हवा लागली तरी फुटते. आपल्याकडे हिवाळ्यात आणि मार्च ते मे मध्ये यांचे घोळणे वाढतात ते म्हणूनच.

निदानाला चार प्रश्न पुरतात, कुरासाओ निकष म्हणतात त्यांना. काही न लागता वरचेवर घोळणा फुटतो का, ठरलेल्या जागी असे ठिपके आहेत का, आतल्या कुठल्या अवयवात, म्हणजे फुफ्फुस, यकृत, मेंदू किंवा आतड्यात, अशी वाहिनी सापडली आहे का, आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला हा आजार आहे का. तीन किंवा जास्त हो आले तर निदान पक्कं, दोन आले तर शक्यता. इथे एक धोका आहे, घोळणा शाळेच्या वयात सुरू होतो पण ओठावरचे ठिपके बऱ्याचदा तिशी-चाळिशीत दिसायला लागतात, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाचे ओठ स्वच्छ आहेत म्हणून त्याला सोडून देऊ नका, आईचे ओठ बघा. हडपसरच्या एका ताईंचं निदान असंच झालं, त्या मुलाचा घोळणा दाखवायला आल्या होत्या आणि ठिपके त्यांच्या स्वतःच्या ओठांवर होते, वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू आणि "आमच्या आईलाही उष्णता होती".

घोळणा फुटल्यावर डोकं मागे टाकून पाणी ओतायचं नाही, रक्त घशात जातं आणि किती गेलं ते कळत नाही. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, १० ते १५ मिनिटं मध्ये न सोडता. एरवी दिवसातून दोन-तीनदा सलाइनचे थेंब आणि नाकात मलम लावून ओलावा ठेवा. आणि नाक वारंवार जाळून घेऊ नका. एचएचटीत एक ठिपका जाळला की शेजारी दुसरा येतो आणि सारखं जाळून मधला पडदाच भोक पडून जातो. कोरड्या कापसाची किंवा गॉजची घट्ट वातही काढताना परत रक्त काढते. ईएनटी डॉक्टरांकडे गेलात की पहिल्या वाक्यात घरातली हकिगत सांगा.

५. लॅबमधल्या पण स्वस्त टेस्ट

इथपर्यंत खर्च शून्य. आता हिमोग्लोबिन आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन करा, किती रक्त हळूहळू जातंय याचा अंदाज त्यातून येतो. लघवीची तपासणी. काळी शौच होत असेल तर तेही सांगा, पण लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे लक्षात ठेवा.

क जीवनसत्त्वाची पातळी करायची असेल तर गोळी किंवा रस सुरू करायच्या आधी, उपाशीपोटी. हे सॅम्पल उजेडात आणि उन्हात खराब होतं, ते झाकून, बर्फात जायला हवं, तेव्हा लॅबला आधी फोन करून विचारा की तसं पाठवता का. रिक्षात दोन तास फिरलेलं सॅम्पल खोटं कमी येतं. आणि उलटंही, हॉस्पिटलात दोन दिवस मोसंबीचा रस पिऊन झाल्यावर पातळी वर येते, म्हणून नॉर्मल आलेल्या आकड्यावर स्कर्व्ही नाही असं म्हणता येत नाही.

घोळण्याच्या घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर पडला असेल तर झोपून आणि मग बसून, दोन्ही वेळा ऑक्सिजन मोजा. बसल्यावर तो कमी होत असेल तर फुफ्फुसात तशी मोठी वाहिनी असण्याची शंका येते. बरोबर आला म्हणून वाहिनी नाही असं मात्र ठरत नाही.

६. इथून पुढे तज्ज्ञांचं काम

सगळं बघून काहीच सापडलं नाही तर रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे जा, आणि जाताना हे मनात ठेवा की नॉर्मल प्लेटलेट आणि नॉर्मल पीटी-एपीटीटी असूनही रक्तातलेच काही दोष उरतात. व्हॉन विलब्रँड हा रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचा आजार, तो सौम्य असेल तर एपीटीटी बरोबर येऊ शकतो, प्लेटलेटचं काम बिघडलेलं असेल तर आकडा बरोबर असतो, आणि फॅक्टर १३ हा रक्त गोठवणारा घटक कमी असेल तर या दोन्ही टेस्टमध्ये तो दिसतच नाही. पाळीत खूप रक्त जाणं, दात काढल्यावर दिवसभर रक्त न थांबणं, बाळाची नाळ पडताना रक्त येणं अशी हकिगत असेल तर ती लिहून न्या, त्याच्या टेस्ट वेगळ्या असतात आणि सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

एचएचटीचं निदान झालं किंवा दाट शक्यता असेल तर बबल इको करून घ्यायचाच, दम लागत नसला तरी. हाताच्या शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाइन देतात आणि हृदयाच्या डाव्या बाजूला ते किती वेळाने पोचतात ते बघतात. एरवी फुफ्फुस हे बुडबुडे अडवतं. तिथे आडवाट असेल तर ते पार होतात, आणि जिथून बुडबुडा जातो तिथून रक्ताची गुठळी किंवा जंतूही थेट मेंदूत जाऊ शकतात. म्हणून तरुण वयात स्ट्रोक किंवा मेंदूत पू होणं हे या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं. बबल इको पॉझिटिव्ह आला तर छातीचा सीटी, आणि मोठी वाहिनी असेल तर मांडीतून नळी घालून ती बंद करतात. मेंदूचा एमआरआय कधी करायचा ते डॉक्टर ठरवतील.

ही तपासणी होईपर्यंत दात काढायला किंवा साफ करायला गेलात तर डेंटिस्टला आजाराचं नाव सांगा, आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे सिस्टरना स्पष्ट सांगा. गरोदर असाल तर पहिल्याच भेटीत सांगा, फुफ्फुसातली वाहिनी गरोदरपणात फुटू शकते.

घरी थांबायचं नाही अशा वेळा: नीट दाबून धरूनही २० मिनिटांत न थांबणारा घोळणा, खोकल्यातून रक्त, काळी डांबरासारखी शौच आणि चक्कर, लाल लघवी, डोक्याला मार लागल्यावर किंवा न लागताही अचानक उठलेली प्रचंड डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय जड होणं, पोटरी किंवा मांडी दगडासारखी कडक होऊन पाय बधिर पडणं. १०८ ला फोन करा, आणि फाइलसोबत औषधांची ती पिशवीही घेऊन जा.